सजावटीचं वेळापत्रक उलटीकडून मांडताना

सजावटीला कधी लागायचं, याचं उत्तर मी भिंतीपासून शोधते. सामान कागदी असेल आणि भिंतीला खिळे ठोकायचे नसतील, तर सगळा भार चिकटपट्टीच्या हुकांवर येतो. रंग ताजा असेल तर हे हुक रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतात. रंगकाम झाल्यावर निदान 7 दिवस भिंतीला हात लावू नये. मी तर 3 आठवडे सोडते. म्हणजे घराला रंग द्यायचा असेल, तर तो सणाच्या महिनाभर आधी उरकायला हवा.

महिनाभर आधी दुसरं काम माप घेण्याचं. खरेदीला जाण्याआधी टेप हातात घ्या. समजा खोली 4 मीटर रुंद आहे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदी साखळी लावायची आहे. मध्ये 40 सेंटिमीटर झोळ ठेवला, तरी साखळी जेमतेम 11 सेंटिमीटर जास्त लागते. एवढ्याशा कागदासाठी लोक ती ताणून बांधतात, आणि तिथेच फसतात. झोळ 10 सेंटिमीटरवर आणला की हुकावरची ओढ जवळपास चौपट होते. रात्रीतून हुक सुटला, तर आधी झोळ वाढवून बघा.

साखळीसाठी 20 सेंटिमीटर लांब पट्ट्या कापल्या आणि दीड सेंटिमीटर एकावर एक चिकटवल्या, तर एक कडी साधारण 6 सेंटिमीटर भरते. म्हणजे 70 कड्या. हे काम सणाच्या 2 आठवडे आधी, रोज थोडं थोडं करावं. पातळ डिंकाने कागद ओला होऊन सुरकुततो, म्हणून गोंदाची कांडी वापरा. तयार साखळी उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

घरातल्या दिव्यांच्या माळा मात्र खरेदीच्या आधीच तासभर लावून पाहा. काही गोष्टी तासाभरानेच कळतात: एखादी माळ मधूनच लुकलुकते, एखाद्याचा प्लग गरम होतो. अशी माळ सरळ बाजूला काढावी.

टांगायचं काम 3 दिवस आधी. भिंत स्पिरिटने पुसायची, हुक अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि तासभर त्यावर काहीही अडकवायचं नाही. हा तास सगळ्यांना जड जातो, पण गोंदाची पकड त्याच वेळात बसते.

उतरवायचा दिवसही आधीच लिहून ठेवा, सणानंतरच्या आठवड्यातला. पट्टीचं शेपूट भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ओढायचं. आपल्या दिशेने खेचलं तर रंग निघतो. माळ खोक्यात टाकण्याआधी पुन्हा एकदा पेटवून बघायची, पुठ्ठ्यावर गुंडाळायची आणि पुठ्ठ्यावर लांबी व जागा लिहायची: ‘5 मीटर, खिडकी, प्लग डावीकडे’.