साडेतीन पौंडांचा उतार

स्क्रीनवर आता पंधरा ठिपके दिसतायत, आणि पहिल्यांदा बघताना असंच वाटतं की हे कोणीतरी पट्टी ठेवून काढलेत. आडव्या अक्षावर उंची आहे, इंचात, ५८ पासून ७२ पर्यंत एकेक इंच वाढत जाणारी. उभ्या अक्षावर वजन, पौंडात, ११५ पासून १६४ पर्यंत. हा डेटा ३० ते ३९ वयाच्या अमेरिकन बायकांचा, १९७५ च्या एका पंचांगवजा माहितीपुस्तकातून घेतलेला, आणि आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो women या नावाने आधीपासूनच असतो, त्यामुळे स्टॅटच्या असाइनमेंटला हा हमखास येतो.

आपण आज तो हाताने सोडवायचाय, म्हणजे या ठिपक्यांच्या सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेषा, तिचा उतार म्हणजे स्लोप, आणि उंची-वजनाचा सहसंबंध सांगणारा आकडा r, हे सगळं काढायचंय. कारण हाताने सोडवताना चूक नेमकी कुठे शिरते ते दिसतं, नुसतं बटण दाबून ते कधीच दिसत नाही.

वजनं एका ओळीत लिहून घ्या. ११५, ११७, १२०, १२३, १२६, १२९, १३२, १३५, १३९, १४२, १४६, १५०, १५४, १५९, १६४. बेरीज २०५१, भागिले १५, सरासरी १३६.७३. उंचीची सरासरी तर बघताक्षणीच कळते, बरोब्बर मधला आकडा, ६५. मग प्रत्येक उंचीतून ६५ वजा केले की उणे ७ पासून अधिक ७ पर्यंतचे आकडे मिळतात, त्यांचे वर्ग करून बेरीज केली की २८०.

आता उंचीचा फरक गुणिले वजन. इथे एक सोय आहे ती मला फार आवडते. उणे ७ आणि अधिक ७ ची जोडी एकत्र घ्या, म्हणजे सात गुणिले १६४ वजा ११५, झाले ३४३. मग सहाची जोडी २५२, पाचाची १७०, चाराची १०८, तिनाची ६०, दोनाची २६, एकाची ७. सगळी बेरीज ९६६. वजनातून सरासरी वजा करायचीसुद्धा गरज पडली नाही, कारण उंचीच्या फरकांची बेरीज शून्य आहे, त्यामुळे ती सरासरी आपोआप कटते.

```
slope     = 966 / 280 = 3.45
intercept = 136.73 - 3.45 * 65 = -87.52
```

रेषा मिळाली. पण जरा थांबा, इथे वह्यांमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा जी चूक बघितलीय ती सांगतो. बरीच मुलं हा फरकांचा रस्ता न घेता पुस्तकातला शॉर्टकट घेतात, म्हणजे x गुणिले y ची बेरीज, ती येते १,३४,२८१, आणि त्यातून १५ गुणिले दोन्ही सरासऱ्या वजा. फॉर्म्युला बरोबरच आहे. पण सरासरी १३६.७३ च्या जागी कोणी १३७ लिहिली, म्हणजे फक्त पाव पौंडाने राउंड केली, तर ९६६ ऐवजी ७०६ येतात. स्लोप ३.४५ चा २.५२ होतो. आणि वजनाच्या वर्गांच्या बेरजेतही तेच १३७ वापरलं तर r येतो ०.८९, जो दिसायला अगदी व्यवस्थित आहे, कोणाला शंकाच येत नाही. दोन प्रचंड मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढायचा असला की राउंडिंगचा एवढासा तुकडाही सगळं खाऊन टाकतो. म्हणून सरासरी अपूर्णांकातच ठेवायची, २०५१/१५, आणि राउंडिंग अगदी शेवटी.

चूक झालीय हे ओळखायचं कसं? दोन टोकांचे ठिपके घ्या. १४ इंचात वजन ४९ पौंड वाढलं, म्हणजे इंचाला साडेतीन. ३.४५ त्याच्या जवळ आहे, २.५२ अजिबात नाही. ग्राफवर बोट ठेवून दहा सेकंदांत होणारी ही तपासणी आहे, ती केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आता r. वजनाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज बरोबर काढली तर ३३६२.९३ येते.

```
r = 966 / sqrt(280 * 3362.93) = 0.9955
```

आणि आता ते वाक्य, ज्याला मार्क असतात आणि जिथे ते जातात. "स्लोप ३.४५ आहे म्हणून सहसंबंध खूप स्ट्राँग आहे." हे चूक आहे. स्लोपला एकक असतं, पौंड दर इंच. हाच डेटा किलो आणि सेंटीमीटरमध्ये घेतला तर स्लोप ०.६२ होतो, ठिपके मात्र होते तिथेच आणि r तोच ०.९९५५, एका दशांशानेही हलत नाही. ठिपके रेषेला किती चिकटलेत ते r सांगतो, रेषा किती वेगाने चढते ते स्लोप सांगतो, ही दोन वेगळी कामं आहेत. तर वाक्य असं लिहा: एक इंच जास्त उंची असलेल्या गटाचं सरासरी वजन साधारण ३.४५ पौंडांनी जास्त असतं. "उंची एक इंच वाढवली तर वजन वाढेल" असं लिहू नका, इथे कोणाचीही उंची वाढवलेली नाहीये, वेगवेगळ्या उंचीच्या बायकांची तुलना केलीय. आणि ते उणे ८७.५२? शून्य इंच उंचीच्या बाईचं वजन, ज्याला काही अर्थ नाही, ती फक्त रेषा जागेवर बसवायची खुंटी आहे, डेटा ५८ इंचांच्या खाली गेलेलाच नाही.

०.९९५५ बघून हुरळायच्या आधी आणखी एक गोष्ट. हे पंधरा ठिपके म्हणजे पंधरा बायका नाहीत, प्रत्येक ठिपका त्या उंचीच्या बायकांची सरासरी आहे. एकाच उंचीच्या दोन बायकांच्या वजनात केवढा फरक असतो हे कुठल्याही घरात दिसतं, तो सगळा फरक सरासरी काढतानाच पुसला गेला. एकेका बाईची उंची आणि वजन घेऊन r काढला तर तो यापेक्षा बराच खाली येणार. म्हणून या रेषेवरून एखाद्या ठराविक बाईचं वजन सांगायला जाऊ नका.

शेवटचं काम, जे पाच मिनिटांत होतं आणि बहुतेक जण सोडून देतात. प्रत्येक खऱ्या वजनातून रेषेने सांगितलेलं वजन वजा करा. आरमध्ये करायचं असेल तर दोन ओळी पुरतात.

```
fit <- lm(weight ~ height, data = women)
plot(women$height, resid(fit))
```

५८ इंचांना रेषा म्हणते ११२.५८, खरं वजन ११५, म्हणजे २.४२ वर. मधे ६५ ला रेषा १३६.७३ आणि खरं १३५, म्हणजे १.७३ खाली. ७२ ला परत ३.१२ वर. टोकांना वर, मधे खाली, परत वर. स्क्रीनवर बघा, सरळ वाटलेले ते ठिपके आता वाटीसारखे वळलेत. इंचागणिक वाढ सारखी नाहीये, सुरुवातीला ५८ वरून ५९ ला जाताना दोनच पौंड वाढतात आणि शेवटी ७१ वरून ७२ ला पाच, आणि ३.४५ हा त्या सगळ्यांचा मधला आकडा आहे. असाइनमेंटमध्ये स्लोपच्या वाक्याखाली ही एक ओळ लिहा, सोबत हा दुसरा ग्राफ चिकटवा, आणि ७२ इंचांच्या पुढे रेषा ओढू नका, तिथे ती खऱ्यापेक्षा कमीच सांगेल असं हे वळण दाखवतंय.