दरमहा हजार रुपये आणि साठ पदांची बेरीज

पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचं, म्हणजे आपल्या आरडीचं, उदाहरण घेऊ. दर वर्षाला ६.७ टक्के, चक्रवाढ तिमाही, हप्ते साठ. महिन्याला हजार भरले तर मुदतीअखेर ७१,३६६ रुपये मिळतात. भरले साठ हजार, व्याज ११,३६६. इथे बहुतेक जण नाक मुरडतात. ६.७ टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले तर शंभराचे एकशे एकोणचाळीस व्हायला हवेत, इथे तर एकोणीस टक्केसुद्धा धड मिळाले नाहीत!

पोस्ट फसवत नाही. पहिला हप्ता साठ महिने राहतो, शेवटचा एकच महिना. सरासरी काढली तर एकेक हप्ता साडेतीस महिने, म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास, व्याज खातो. सरळव्याजानेच हिशेब केला तर १७ टक्के होतात. वरचे दोन टक्के चक्रवाढीचे. आता ही ७१,३६६ची रक्कम नेमकी येते कशी, ते पाहू.

पहिली अडचण अशी की हप्ता महिन्याला आणि चक्रवाढ तिमाहीला. तिमाहीचा दर ६.७ भागिले ४, म्हणजे १.६७५ टक्के. एक रुपया तीन महिन्यांत १.०१६७५ होतो. मग महिन्याला तो कितीपट होतो? त्या पटीला q म्हणू. तीन वेळा q ने गुणल्यावर १.०१६७५ आलं पाहिजे, म्हणजे q हे १.०१६७५चं घनमूळ: १.००५५५२४. इथेच लोक घसरतात. ६.७ला सरळ १२ने भागून ०.५५८३ टक्के घेतात. ती मासिक चक्रवाढ झाली. त्या हिशेबाने उत्तर ७१,४३६ येतं, सत्तर रुपये जास्त. पासबुकाशी ताळा जमत नसेल तर आधी इथे बघा.

आता शेवटून मोजू. शेवटच्या हप्त्यातला प्रत्येक रुपया एक महिना राहिला, त्याचे झाले q. त्याआधीच्या हप्त्यातल्या रुपयाचे q². असं मागे मागे जात पहिल्या हप्त्यातल्या रुपयाचे q⁶⁰. ही भूमितीय श्रेढी आहे: पहिलं पद q, सामान्य गुणोत्तरही q.

S = q + q² + q³ + … + q⁶⁰

साठ घातांक काढत बसायचं नाही. सगळ्याला q ने गुणा. पैशांच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की नवा हप्ता न भरता सगळी रक्कम आणखी एक महिना तशीच राहू दिली.

qS = q² + q³ + … + q⁶⁰ + q⁶¹

खालच्यातून वरची ओळ वजा करा. मधली एकोणसाठ पदं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं फक्त:

qS − S = q⁶¹ − q
S = q(q⁶⁰ − 1) / (q − 1)

q⁶⁰ म्हणजे १.०१६७५चा विसावा घात, १.३९४०६७. किमती घाला, S येतो ७१.३६५८. हजाराने गुणा, झाले ७१,३६६.

बँकांच्या कागदपत्रांत हेच सूत्र वेगळ्या वेषात दिसतं, आणि छेदातला तो ऋण एक-तृतीयांश घात पाहून भलेभले दचकतात:

M = R[(1+i)ⁿ − 1] / [1 − (1+i)^(−1/3)]

इथे R हप्ता, i तिमाही दर, n तिमाह्यांची संख्या. आपल्या सूत्रात अंश आणि छेद दोन्हींना q ने भागा, छेद होतो 1 − 1/q. बाकी काही नाही.

सभागृहातून एक प्रश्न आला, की पुस्तकातल्या सूत्रात सुरुवातीचा q नसतो, तो का? कारण तिथे हप्ता महिन्याच्या अखेरीस धरलेला असतो. शेवटच्या हप्त्याला व्याजच नाही. तसं केलं तर ७०,९७२ येतात, ३९४ कमी. हा ३९४चा आकडा मला फार आवडतो. एकट्या पहिल्या हप्त्याचं पाच वर्षांचं व्याजही ३९४ रुपयेच आहे! योगायोग नाही. एका श्रेढीत पदं q पासून q⁶⁰ पर्यंत, दुसरीत 1 पासून q⁵⁹ पर्यंत. फरक q⁶⁰ − 1. साठही हप्ते महिनाभर उशिरा धरले की बरोब्बर तेवढं व्याज जातं.

आणखी एक विचारणा होती, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीला हे चालेल का. आरडीत खातं उघडतानाचा दर मुदतभर तोच राहतो, म्हणून q एकच. फंडात दर महिन्याची पट वेगळी. q ने गुणून वजाबाकी केली तर मधली पदं कटतच नाहीत. तिथे १२ टक्के धरून एसआयपी कॅल्क्युलेटर जो आकडा दाखवतो, तो साठही महिने एकसारखे गेले असं मानून काढलेला असतो. प्रत्यक्षात शेवटच्या वर्षात बाजार पडला, तर त्या वेळी जवळजवळ सगळे हप्ते आत असतात आणि मार सगळ्यांना बसतो. पहिल्याच वर्षात पडला, तर आत मोजकेच हप्ते असतात.