शिक्का, सही आणि मधले सहा आकडे

नमस्कार श्रोतेहो. बँकेत कर्जविभागात माझी हयात गेली, तेव्हा विषय कागदांचाच. सीएची फर्म खरी का, आणि तिचे भागीदार कोण?

आधी आमच्या दाजींची गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग. नवे माग घ्यायला कर्ज हवं होतं, त्यासाठी उलाढालीचा दाखला. ओळखीतल्या एकानं दोन दिवसांत आणून दिला. जाड कागद, जांभळा गोल शिक्का, 'अँड असोसिएट्स'. शिक्क्यावर आपला काय विश्वास असतो हो! तासाभरात बनवून मिळतो, हे माहीत असूनही.

रविवारी दाजी तो कागद घेऊन घरी आले. मी आधी सहीखाली बघितलं. तिथं फर्मचा नंबर, सही करणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या प्रत्येक दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हा यूडीआयएन 18 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे. पुन्हा सांगतो, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सहा. मी बोट ठेवून मोजले, तर ते सहा आकडे सहीखालच्या क्रमांकाशी जुळेनात!

मग udin.icai.org वर नंबर टाकला. नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच सीएचा, दुसऱ्याच कागदाचा. म्हणजे कुठूनतरी उचललेला. आता फर्मचा नंबर. सहा आकडे, शेवटी पश्चिम विभागाचं डब्ल्यू. सीएंची संस्था आयसीएआय, तिच्या संकेतस्थळावर शोधला, तर फर्म खरी, आपल्या सोलापुरातलीच. सोमवारी आम्ही दोघं तिथं गेलो. ज्येष्ठ भागीदारांनी चष्मा सावरत कागद पाहिला. "नंबर आमचाच," म्हणाले, "पण हा माणूस आमच्याकडं कधीच नव्हता."

म्हणून फर्म खरी निघाली, एवढ्यावर थांबू नका. सही करणारा तिच्यात आहे का, तेही बघा. फर्मकडं आयसीएआयचा फर्म घटनेचा दाखला मागायचा, त्यात भागीदारांची नावं असतात. फर्म एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नियुक्त भागीदार दिसतात. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सच्या नोंदवहीचा उताराही मिळतो, पण 1932 च्या भागीदारी कायद्यात ही नोंदणी सक्तीची नाही. तिथं नाव नाही म्हणून फर्म खोटी ठरत नाही. आणि बदल कळवलाच नसेल, तर निवृत्त झालेला भागीदारही वहीत तसाच राहतो. वकिलांचं निराळं. सनद माणसाला मिळते, ऑफिसच्या पाटीला नाही. तिथं बार कौन्सिलकडं एकेका वकिलाचा नोंदणी क्रमांक विचारायचा.

दाजींनी मग त्याच फर्मकडून दाखला करून घेतला. या वेळी जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, सगळं मागितलं. आठवडा गेला. कागद हातात आल्यावर दाजींनी शिक्का बघितलाच नाही, थेट बोटावर आकडे मोजायला लागले.