काळा टी-शर्ट करडा का दिसतो

[ठाणे, वर्तकनगर. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. पावसाळी उजेड.]

दोरीवर दोन टी-शर्ट वाळत घातलेत. एकाच गोविंदा पथकाचे, एकाच खोक्यातून निघालेले. काळं होजिअरीचं कापड, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत पथकाचं नाव. डावीकडचा इथल्या थोरल्या मुलाचा, उजवीकडचा त्याच्या ऐरोलीच्या मावसभावाचा, आज मुद्दाम मागवून घेतलेला. दोघंही गेलं वर्षभर टी-शर्ट आठवड्यातून एकदा तरी घालत होते.

उजवीकडचा अजून काळा आहे. डावीकडचा जुन्या पाटीसारखा करडा दिसतो आणि त्यावरची पांढरी अक्षरं मळकट.

थोरल्याच्या आईंनी निकाल देऊन टाकलाय. "कापडच हलकं निघालं. रंग सोडला."

आपण फक्त एक थेंब पाणी टाकून बघू.

[जवळून: करड्या भागावर बोटानं पाणी लावलं जातं.]

बघा, जिथे ओलं झालं तिथे टी-शर्ट पुन्हा काळा झाला. पूर्वीइतकाच. ओल्या कपड्याचा रंग नेहमीच थोडा गडद दिसतो हे खरं, म्हणून दुसरी खूण घेऊ. खालची दुमड उलगडायची आणि शिलाईच्या आत, जिथे कधी घासच लागला नाही, तिथे बघायचं. आत गडद काळा, बाहेर करडा. पाणी आणि पावडर तर दोन्हीकडे सारखीच पोहोचली होती. रंग नुसता धुऊन गेला असता तर आतलाही फिका पडला असता. फरक आहे तो घासण्याचा.

आता हेच कापड भिंगाखाली.

[भिंगातून: कापडाच्या पृष्ठभागावर उभी राहिलेली बारीक लव.]

कापूस म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे तंतू. त्यांना पीळ देऊन सूत होतं, आणि होजिअरीत त्या सुताचे फासे एकमेकांत अडकवून कापड विणतात. शर्टाच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना दाबून धरतात. होजिअरीत तसं नसतं. फासे सैल, सूत कमी पिळाचं, म्हणून तर टी-शर्ट मऊ लागतो आणि ताणला तर ताणतो. पण त्याच सैलपणामुळे घासलं की तंतूंची टोकं बाहेर ओढली जातात. ही उभी राहिलेली लव उजेड चहूकडे विखुरते आणि काळ्यावर धुकं धरल्यासारखं दिसतं. पाणी लागलं की लव चिकटून खाली बसते आणि खालचा काळा पुन्हा दिसायला लागतो. त्या थेंबाची जादू एवढीच.

नवा टी-शर्ट इतका गुळगुळीत कसा असतो? होजिअरीच्या धंद्यात 'बायोवॉश' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात सेल्युलेज नावाचं एन्झाइम वापरतात. बाहेर आलेली कापसाची टोकं ते कुरतडून काढतं. दुकानात हात फिरवून आपण जो मऊपणा पसंत करतो, तो असा दाढी केलेला मऊपणा असतो. घरी येऊन आपणच पुन्हा दाढी वाढवतो.

[वागळे इस्टेट. छपाईचा गाळा. फ्रेमवरून रबरी पट्टी ओढली जाते.]

हे टी-शर्ट छापले त्या गाळ्यात आम्ही दोन्ही नग घेऊन गेलो. छपाईवाल्यानं डावीकडचा टी-शर्ट पाठीवर आडवा ताणला आणि म्हणाला, "दादा, शाई तडकली नाही. भाजणी बरोबर आहे."

ही खूण लक्षात ठेवण्याजोगी. टी-शर्टावर पांढरी उठावदार छपाई बहुधा प्लॅस्टिसोलची असते. ही शाई हवेनं वाळत नाही. ती साधारण 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पक्की करावी लागते. भाजणी कमी पडली तर हलक्या हातानं ताणल्यावरही अक्षराला चिरा पडतात, आणि अशा छपाईला मग जाळीच्या पिशवीत घालून धुणंही वाचवत नाही. तो दोष गाळ्यातला असतो, धुण्यातला नव्हे.

मग इथे अक्षरं मळकट का? त्यानं भिंग आमच्या हातात दिलं. पांढऱ्या शाईच्या थरातून काळे तंतू वर आले होते, बारीक गवतासारखे. शाई जागच्या जागी आहे, तिच्यातून खालचं कापड डोकावतंय. पांढऱ्यात काळे केस मिसळले की करडं दिसणारच. टी-शर्ट उलटा करून धुतला असता तर हे झालंच नसतं असं नाही. पण इतक्या लवकर झालं नसतं.

[पुन्हा वर्तकनगर. टॉप लोड मशिन. झाकणाच्या काचेतून फिरणारे कपडे.]

घासणारा कोण, तेही बघू. डाव्या टी-शर्टाचे खांदे जास्त झिजलेत. तो गडी खालच्या थरात उभा राहतो आणि वरच्याचे पाय त्याच्या खांद्यावर असतात. कमरेजवळ एका बाजूला बारीक गोळे आलेत. ठाणे स्टेशनच्या गर्दीत सॅक जिथे घासते, बरोबर तिथे. हा वापराचा घास, ठरावीक जागीच असतो. पण छाती, पोट, बाह्या, सगळीकडे सारखी पसरलेली लव आहे ना, ती मशिनची.

या घरात टॉप लोड मशिन आहे. तळाशी चकती फिरते, पाण्याला गरका येतो आणि कपडे एकमेकांना पिळे घालत घासतात. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात. तिथे घास कमी, पण कार्यक्रम लांबलचक. 'कॉटन' लावलं तर कित्येक मशिन दोन तासांच्या वर चालतात. शनिवारच्या धुण्यात हा टी-शर्ट जिन्सच्या दोन पँटींबरोबर पडायचा. जिन्सचं जाड कापड, पितळी बटण, उघडी चेन. ओली जिन्स म्हणजे सँडपेपरच म्हणा.

[ऐरोली. दुसरं घर. बाथरूमच्या खुंटीवर तीन जाळीच्या पिशव्या.]

मावशींनी काही फार वेगळं केलं नाही. टी-शर्ट उलटा केला आणि जाळीच्या पिशवीत घालून धुतला. घास त्यालाही लागला, पण आतल्या बाजूला, जी कोणी बघत नाही. भिंगातून बघितलं तर त्याच्या आतल्या बाजूला भरपूर लव आहे. म्हणजे झीज वाचली नाही, तिची जागा बदलली. शिवाय घाम आणि अंगाचं तेल आतूनच लागतं, त्यामुळे ते उलट्या कपड्यातून जास्त चांगलं निघतं.

पिशवीचं काम दुसरं. ती शेजारच्या कपड्यांची चेन आणि हुक दूर ठेवते, आणि बाह्यांना पीळ बसू देत नाही. पिशवीतले कपडे आपापसात घासतात, ते ती थांबवू शकत नाही. मावशींचे सुरुवातीचे दोन प्रयोग फसले ते इथेच. आधी त्यांनी एका छोट्या पिशवीत चार टी-शर्ट कोंबले. पिशवीचा चेंडू झाला, आत पाणी फिरेना, आणि काळ्या कापडावर पावडरचे पांढरे डाग घेऊन टी-शर्ट बाहेर आले. मग भल्यामोठ्या पिशवीत एकच घातला. तो आत मोकळा लोळत राहिला, एका कोपऱ्यात गोळा झाला आणि पिशवी असून नसल्यासारखी झाली. आता साधारण 40 बाय 50 सेंटिमीटरच्या पिशवीत दोन टी-शर्ट, सैल घडी घालून. पिशवी अर्धी ते पाऊण भरली की पुरे. फ्रंट लोडमध्ये एकच जड पिशवी टाकली तर पिळताना तोल जातो आणि मशिन धडधडून थांबतं. तेव्हा सोबत आणखी थोडे कपडे हवेत.

पिशवी विकत घेताना मावशी दोन गोष्टी बघतात. चेनची कडी इलॅस्टिकच्या खोबणीत लपते का, नाहीतर तीच उघडून ड्रमला आणि कपड्यांना लागते. आणि जाळी गालावर फिरवून बघतात. हसू नका. काही स्वस्त जाळ्या इतक्या खरखरीत असतात की स्वेटरला पिशवीच गोळे आणते.

[जवळून: रेयॉनची कुर्ती, गळ्याभोवती मशिनचं भरतकाम.]

भरतकामाचं गणित मात्र जरा निराळं आहे. या फुलाच्या पाकळीत धागा एका कडेवरून थेट दुसऱ्या कडेवर गेलाय. मधले चार-पाच मिलिमीटर तो कापडाला कुठेच धरलेला नाही. ब्राचा एक हुक त्यात अडकला की धागा ओढला जातो आणि शेजारच्या पाकळ्या आखडतात. असा निघालेला फासा कापू नये. सुईनं मागच्या बाजूला ओढून घ्यावा.

कुर्ती उलटी केली की पाकळ्या आत जातात, बरोबर. पण मग काय बाहेर येतं? गाठी, कापलेल्या धाग्यांची टोकं, एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेले लोंबते धागे. त्यांना हुक लागला तर टाका मागून उसवतो. टी-शर्टाला नुसता उलटेपणा बराचसा पुरतो, भरतकामाला पुरत नाही. तिथे बारीक जाळीची पिशवी हवीच, आणि ब्रा दुसऱ्या पिशवीत, हुक लावून. त्यातून कापड रेयॉन असेल तर आणखी जपायचं, कारण ओला रेयॉन कोरड्यापेक्षा बराच कमजोर असतो. म्हणून 'डेलिकेट' आणि कमी वेगाचं पिळणं. टिकल्या आणि आरसे लावलेली कुर्ती पिशवीतही स्वतःलाच ओरबाडते. ती बादलीत, हातानं.

[वर्तकनगर. संध्याकाळ. टेबलावर गोळे काढायचं छोटं यंत्र.]

करड्या टी-शर्टावरून आम्ही हे यंत्र फिरवलं. त्याच्या डबीत राखाडी कापूस जमला आणि छाती थोडी काळी झाली. पण डबीतला तो कापूस सुतातूनच आलाय. चार-सहा वेळा असं केलं तर कापड विरायला लागेल. शिवाय कमरेजवळ सॅकनं आणलेले गोळे निघून गेले तरी खांद्याची झीज तशीच राहिली.

यंदाचं खोकं आलंय. नवे टी-शर्ट, तेच कापड, तीच पांढरी अक्षरं. थोरल्याच्या आईंनी एक हातात घेऊन उलटा केला आणि विचारलं, "आणि दह्याचं काय? हंडी फुटली की दही पडतं ते सुलट्या बाजूवर. मी उलटा धुतला तर ते निघणार कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उलटा धुतला की सुलट्या बाजूवरचा डाग कमीच निघतो. ऐरोलीच्या मावशी त्यासाठी टी-शर्ट आधी सुलटाच ठेवून गार पाण्यात भिजवतात, डागावर थोडं लिक्विड लावून अर्धा तास. गरम पाणी नाही, दह्यातलं प्रथिन त्यानं धाग्याला धरून बसतं. ब्रशही नाही. डाग बोटांनी हलकेच चोळायचा, खळबळायचा, निथळू द्यायचा. उलटा करायचा तो त्यानंतर.

थोरल्याच्या आईंनी टी-शर्ट पुन्हा सुलटा केला आणि घडी घालून कपाटात ठेवला. हंडीला अजून अकरा दिवस आहेत.