तहान गेली

(दृश्य: खजूर, पाण्याचा पेला, पसरलेले हात)

सूर्य बुडायला चार-पाच मिनिटं आहेत. खजूर समोर आहे, पाणीही आहे; हात कुणी लावत नाही. ओठ मात्र हलताहेत, आणि प्रत्येकाचे निराळे. कारण या मिनिटांसाठी ठरलेले शब्द नाहीत. कर्ज, आजारपण, माफी, ज्याला जे मागायचं ते आपल्या भाषेत मागावं.

रोजा सोडतानाची रोजेदाराची दुआ परत फिरवली जात नाही, अशी हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीवर, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवर, विद्वानांत मतभेद आहेत. तिरमिजींच्या संग्रहातल्या अशाच हदीसच्या एका पाठात ‘रोजा सोडताना’ आहे, तर दुसऱ्यात ‘रोजा सोडेपर्यंत’. म्हणजे दुआ दिवसभर मोलाची. पण घसा सर्वांत कोरडा असतो तो आत्ता.

(दृश्य: मावळतं बिंब, मग अजान)

वेळ झाली. आता थांबायचं नाही. इफ्तार लवकर करण्यात भलाई आहे, असं पैगंबरांनी सांगितलं. ‘बिस्मिल्लाह’, आणि पहिला खजूर. पैगंबर ओल्या खजुरानं रोजा सोडत. तो नसला तर सुक्या, तोही नसला तर पाण्याच्या काही घोटांनी.

(दृश्य: पाणी पिणारा चेहरा, अगदी जवळून)

घोट उतरला. दुआ आता. ‘जहबज्जमउ, वब्तल्लतिल उरूकु, व सबतल अज्रु, इन्शा अल्लाह.’ तहान गेली, शिरा ओलावल्या, आणि अल्लाहनं चाहिलं तर मोबदला पक्का झाला.

क्रियापदं भूतकाळी आहेत. कोरड्या तोंडानं ‘तहान गेली’ कसं म्हणणार? हे शब्द घोटानंतरचेच. यात भूक कुठेच नाही, फक्त पाणी आहे. आणखी एक, हे माझं आपलं वाचन: तहान गेली हे अंगाला कळतं, शिरा ओलावल्या हेही कळतं. मोबदल्याचं मात्र कळत नाही, म्हणून ‘इन्शा अल्लाह’ तिथे येतं.

ही दुआ अबू दाऊद यांच्या संग्रहात इब्न उमर यांच्याकडून आली आहे. तिच्या लगेच पुढे दुसरी आहे: ‘अल्लाहुम्म लक सुम्तु, व अला रिज्किक अफ्तरतु.’ हे अल्लाह, तुझ्यासाठी रोजा ठेवला, तुझ्याच अन्नानं सोडला. ती सांगणारे मुआज इब्न जुहरा पैगंबरांना भेटलेले नव्हते, म्हणून साखळीत एक कडी कमी. अनेकांच्या तोंडी असलेले ‘व बिक आमन्तु’, तुझ्यावर ईमान आणलं, हे शब्द त्या हदीसमध्ये नाहीत. अर्थाला दोष नाही; फक्त ते पैगंबरांचे म्हणून सांगू नयेत.

दुआ पाठ नसेल तर? रोजा होतोच.

(दृश्य: रिकामा पेला, मगरिबची सफ)

इब्न माजांकडे, परत न फिरणाऱ्या दुआच्या त्या हदीसला जोडून, ती सांगणारे अब्दुल्लाह इब्न अम्र इफ्तारच्या वेळी काय मागत तेही नोंदलं आहे: ‘सगळ्याला व्यापणाऱ्या तुझ्या रहमतीच्या आधारे मागतो, मला माफ कर.’