पास्कलची पैज: अर्ध्यावर थांबलेल्या डावापासून देवापर्यंत

(अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात देवापासून करत नाही, एका जुगारापासून करतो. दोन जण खेळतायत. प्रत्येकाने ३२ सोन्याची नाणी लावली आहेत, म्हणजे मध्ये ६४ नाणी आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी मिळणार. पहिल्याने दोन डाव जिंकलेत, दुसऱ्याने एक, आणि काही कारणाने खेळ तिथेच थांबवावा लागतो. आता ती नाणी वाटायची कशी?

हा प्रश्न १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात आला. पास्कल तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याचं उत्तर बघा. पुढचा डाव झालाच असता, तर काय झालं असतं? पहिला जिंकला तर ६४ त्याची. हरला तर दोन-दोन अशी बरोबरी, म्हणजे प्रत्येकाला ३२. याचा अर्थ ३२ नाणी पहिल्याची कशीही होतातच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क सारखा, म्हणून त्यातली १६ त्याची. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६.

यातली खरी नवी गोष्ट अशी, की जे अजून घडलेलंच नाही त्याची आजची किंमत काढता येते. मिळकत गुणिले ती मिळण्याची शक्यता. आज आपण याला अपेक्षित मूल्य म्हणतो. हे नीट हातात धरून ठेवा, कारण आता तोच माणूस हेच हत्यार देवाच्या प्रश्नावर चालवणार आहे.

पास्कल १६६२ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी गेला. त्याची सुटी टिपणं १६७० मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातच ही पैज आहे. पैजेचं टिपण म्हणजे तयार निबंध नव्हे. मूळ कागदावर समासातसुद्धा मजकूर कोंबलेला आहे. ते वाचताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. पास्कल इथे देव आहे असं सिद्ध करत नाही. उलट तो म्हणतो, देव आहे की नाही हे बुद्धीला ठरवताच येत नाही. अनंत अंतरापलीकडे एक नाणं उडालं आहे, छापा की काटा दिसत नाही, आणि तुम्हाला पैज लावायची आहे. 'मी खेळतच नाही' असं म्हणायची सोय नाही, कारण तुम्ही आधीच नावेत बसला आहात. आयुष्य जगायचं तर देव असल्यासारखं किंवा नसल्यासारखं, कसं तरी जगावंच लागतं. त्याचं हे म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं.

मग हिशोब. समजा शक्यता निम्मी-निम्मी आहे आणि एक आयुष्य लावून दोन आयुष्यं मिळणार आहेत. दोनाचं निम्मं एक, म्हणजे जेवढं लावलं तेवढंच. खेळलात तरी चालेल. तीन आयुष्यं मिळणार असतील तर पैजेची किंमत दीड होते, आता खेळायलाच हवं. पण इथे तर अनंत सुख मिळणार आहे. मग देव असण्याची शक्यता निम्मी कशाला, शंभरात एक धरली तरी अनंताचा शंभरावा भाग अनंतच राहतो. लावायचं काय, तर या एका आयुष्यातली काही सुखं. ती कितीही असली तरी मोजता येण्याजोगी. म्हणून श्रद्धेवर पैज लावा.

फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने यावर १७३४ मध्ये साधा आक्षेप घेतला: एखादी गोष्ट मानण्यात माझा फायदा आहे, म्हणून ती खरी ठरत नाही. बरोबर आहे, पण तो पास्कलला लागत नाही. खरी ठरवण्याचा दावा त्याने केलाच नव्हता. खरा घाव हिशोबाच्या आत बसतो, आणि तो अनंताने केलेला आहे. ॲलन हायेक या तत्त्वज्ञाने २००३ साली तो फार स्वच्छ मांडला.

मी श्रद्धा ठेवायची की नाही हे एक नाणं उडवून ठरवतो, असं समजा. छापा आला तर श्रद्धा, काटा आला तर नाही. या नाणेफेकीचं अपेक्षित मूल्य किती? अनंताचं निम्मं, म्हणजे अनंत. श्रद्धेच्या मूल्याइतकंच! बरं, नाणं नको. मी आज नुसता चहा पीत बसलो. पुढे कधीतरी मी श्रद्धाळू होईन अशी लाखात एक शक्यता तरी आहेच ना? अनंताचा लाखावा भाग पुन्हा अनंत. म्हणजे श्रद्धा ठेवा, नाणं उडवा, चहा प्या, सगळ्यांची किंमत एकच. ज्या अनंताने बाकी सगळं गिळून पैज जिंकून दिली, तेच अनंत पर्यायांमधला फरकही गिळून टाकतं.

मग अनंत काढून टाकू. देव असेल तर दहा लाख आयुष्यांएवढं सुख मिळेल असं धरू. आता नाणेफेकीची किंमत निम्मी होते, फरक परत येतो. पण देव असण्याची शक्यता एक कोटीत एक असेल तर? दहा लाख भागिले एक कोटी, म्हणजे एका आयुष्याचा दहावा भाग. ही पैज तोट्याची आहे. म्हणजे आता शक्यता किती हे माहीत असायलाच हवं. आणि बुद्धीला इथे काही ठरवता येत नाही, हे तर पास्कलचंच वाक्य.

तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात दुसरा प्रश्न केव्हाचा असेल: कोणता देव? फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने अठराव्या शतकातच लिहिलं की एखादा इमामही असाच युक्तिवाद करू शकेल. अनंत बक्षीस एकापेक्षा जास्त दारांमागे असेल, तर हिशोब दार दाखवत नाही. यावर काहींनी सुचवलं की सगळीकडे अनंत असेल तेव्हा जिथे शक्यता जास्त तिकडे जावं. मला ते शहाणपणाचं वाटतं, पण हा नियम गुणाकारातून निघत नाही, बाहेरून आणावा लागतो. आणि शक्यता जास्त कुठे हे ठरवायचं तर पुरावे तपासायला बसावं लागणार. अनंताच्या आक्षेपाने जिथे आणून सोडलं होतं, तिथेच हाही आणून सोडतो. पास्कलच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की त्याच टिपणांमध्ये तो इतर धर्मांचा विचार करतो आणि ख्रिस्ती धर्मासाठी वेगळे पुरावेही मांडतो. फक्त पैजेवर त्याने सगळा भार टाकलेला नाही.

शेवटचा आक्षेप पास्कल स्वतःच एका काल्पनिक श्रोत्याच्या तोंडी घालतो. हिशोब पटला, पण माझा विश्वास बसत नाही, मी काय करू? पास्कल म्हणतो, जे आधी तुमच्यासारखेच होते त्यांच्याकडे बघा. चर्चमध्ये जा, पवित्र जल घ्या, सवयीने मन वळेल. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सला १८९६ मध्ये हे खटकलं. हिशोब करून मुद्दाम अंगी आणलेल्या श्रद्धेत श्रद्धेचा प्राणच नसतो. आपण देवाच्या जागी असतो तर अशांनाच बक्षिसापासून दूर ठेवण्यात आपल्याला आनंद वाटला असता, असं त्याने लिहिलं. मी इथे जेम्सच्या पूर्ण बाजूने नाही. रियाजाला सुरुवात धाकाने झाली, म्हणून पुढे आलेलं गाण्यावरचं प्रेम खोटं ठरत नाही. पण पैज लावणाऱ्याला ती सुरुवात विसरता यायला हवी, आणि हिशोब त्याला विसरायला शिकवत नाही.

स्वतः पास्कल या वाटेने गेला नव्हता. फर्माशी ती पत्रं झाली त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, त्याला एक विलक्षण अनुभव आला. तो त्याने लिहून ठेवला. तारीख-वेळेनंतरचा पहिलाच शब्द 'अग्नी', आणि पुढे बायबलमधल्या अब्राहम, इसहाक, याकोब यांचा देव, तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे. तो लेख त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला.