शब्द टाकणाऱ्याला कळवत राहणं

(लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझा भोसरीत कोरुगेटेड खोक्यांचा छोटा कारखाना आहे. आम्हा लोकांना नवी पार्टी मिळते ती बहुतेक वेळा कुणीतरी शब्द टाकल्यामुळे. आज मी त्या शब्द टाकणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

आधी माझी चूक सांगतो. पूर्वी एका परिचितांनी मला एका परचेसवाल्या साहेबांचा नंबर दिला, वर स्वतः फोनही केला. मी भेटलो, कोटेशन दिलं आणि दर न जुळल्यामुळे विषय सोडून दिला. परिचितांना काहीच कळवलं नाही. चार महिन्यांनी एका लग्नात ते साहेब त्यांना म्हणाले, "तुमचा माणूस कोटेशन देऊन जो गेला, तो परत उगवलाच नाही." जेवणाचं ताट हातात घेऊन त्यांना माझी बाजू सावरावी लागली, आणि सावरायला हाताशी माहिती काहीच नव्हती. ऑर्डर गेल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. ही गोष्ट समोरच्याकडून कळली, याचं वाटलं.

तेव्हापासून माझा हिशेब एवढाच आहे: आपली बातमी, बरी असो की वाईट, ओळख करून देणाऱ्याला आधी आपल्याकडून कळली पाहिजे.

आता दुसरा किस्सा, थोडा सविस्तर. आमच्याच गल्लीतल्या पावडर कोटिंगवाल्या काकांनी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत माझी ओळख करून दिली. भेट झाली त्याच संध्याकाळी मी त्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलं: "काका, नमस्कार. आज साहेबांना भेटलो. तुमचं नाव घेतल्यावर त्यांनी चहा मागवला आणि थेट स्टोअरमध्ये नेऊन सध्याचे खोके दाखवले. शुक्रवारपर्यंत नमुने देतोय. यापुढचं मी बघतो, तुम्हाला फोन वगैरे करायची गरज नाही. शब्द टाकलात, मनापासून आभार."

यातलं "फोन करायची गरज नाही" हे वाक्य मी मुद्दाम घालतो. ओळख करून देणाऱ्याला मनातून धास्ती असते, की आता हा रोज म्हणेल, "जरा साहेबांना सांगा ना." ती पहिल्याच दिवशी घालवावी. आणि आभार त्याच दिवशी मानायचे, कारण ते त्यांनी टाकलेल्या शब्दाचे असतात, ऑर्डरचे नव्हे. ऑर्डर आल्यावरच पेढे घेऊन गेलात तर त्याचा अर्थ वेगळा लागतो.

ओळख ईमेलवर झाली असेल तर पहिल्या उत्तरात सुरुवातीला त्यांचे आभार माना आणि त्यांचा पत्ता बीसीसीत टाका. आपण उत्तर दिलं हे त्यांना दिसतं, आणि पुढच्या वीस मेलांचा मारा त्यांच्यावर होत नाही.

नंतर किती वेळा कळवायचं? मी वार लावून कळवत नाही, काही घडलं की कळवतो. नमुने दिले, निर्णय झाला, पहिला माल गेला. महिनाभर काहीच हललं नाही तर एक ओळ: "अजून उत्तर नाही, मी मागावर आहे."

चाकणच्या कामात अडचण आली. जुलै महिना. दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, त्याची ताकद उतरते. थप्पीतला सगळ्यात खालचा खोका कडेला फुगून बसला आणि साहेबांनी नमुना नाकारला. मी काकांना लिहिलं: "नमुना नापास झाला. चूक माझी, पावसाळ्याचा अंदाज धरला नाही. पाच प्लायऐवजी सात प्लायचा देतोय." दर लिहिले नाहीत, मालाची संख्या नाही, साहेबांबद्दल तक्रार तर नाहीच. काका माझ्याआधी त्यांचे मित्र आहेत, आणि व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुढे कुठे जाईल याचा नेम नसतो. काम हातचं गेलं तरी "आमचा दर जास्त पडला" एवढंच म्हणावं. "त्यांना क्वालिटी कळत नाही" म्हणालात तर त्यांच्या मित्राला नावं ठेवल्यासारखं होतं.

पाकिटाबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. कमिशन ठरवायचं असेल तर भेटीआधी उघड ठरवा आणि बिलावर घ्या. ओळख करून देणारा त्या कंपनीतच नोकरीला असेल, तर काही देऊ नका. तुमच्या भेटवस्तूपायी त्याची नोकरी जाऊ शकते.

सात प्लायचा नमुना पास झाला. पहिला टेम्पो निघाला त्या दिवशी काकांना लिहिलं. बहुतेक जण इथे थांबतात, मीही थांबायचो. आता दिवाळीला शुभेच्छांच्या खाली एक ओळ जोडतो: "चाकणला माल अजून जातोय." मागच्या दिवाळीला काकांचं उत्तर आलं, "अरे, ती ओळख मी करून दिली होती होय? विसरलोच होतो बघ."